उघडीप

श्रावणातल्या एका दुपारी साताऱ्यात असे कडक ऊन पडले की शेजारच्या काकूंनी गच्चीवर गाद्या आणून टाकल्या. अजिंक्यताऱ्यावर ढगाचा एक पुंजकाही नव्हता. घरात "या वर्षी पाऊस गेला की काय" अशी चर्चा सुरू झाली, आणि मी माझ्या जुन्या खोडीप्रमाणे आकाशाकडे न पाहता वर्तमानपत्रातली हवामानाची चौकट काढून तीत गंगानगर शोधू लागलो. गंगानगरचे नाव नव्हते. मान्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला आहे, एवढेच वाक्य होते. गाद्या निदान दोन दिवस वाळतील, असे मी काकूंना सांगून टाकले.

राजस्थानातल्या गंगानगरचा आमच्या छत्र्यांशी काय संबंध, असे घरातले विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर भारतावर कमी दाबाचा एक लांबच लांब पट्टा असतो, त्यालाच मान्सूनचा आस म्हणतात. तो नेहमीच्या जागी असला म्हणजे गंगानगरपासून प्रयागराजवरून कोलकात्याकडे आणि तिथून बंगालच्या उपसागराच्या डोक्यापर्यंत जातो. पट्ट्याच्या दक्षिण अंगाला वारे पश्चिमेकडून वाहतात, उत्तर अंगाला पूर्वेकडून. म्हणजे हा पट्टा आमच्या डोक्यावर कधीच नसतो. नेहमीच्या जागी असतानाही तो साताऱ्यापासून हजार किलोमीटरहून अधिक उत्तरेला असतो. आमच्याकडे पोहोचतो तो त्याने ओढून घेतलेला अरबी समुद्रावरचा वारा. त्या वाऱ्याला जोर किती, यावर सह्याद्रीचा पाऊस ठरतो, कारण घाटाच्या भिंतीवर ती दमट हवा वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते.

पाटणच्या आत्याकडे आम्ही लहानपणी आषाढात जात असू, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात निखाऱ्यांवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर आमचे कपडे वाळत घातलेले असत आणि शाळेच्या चड्डीला कायम धुराचा वास येई. पाऊस थांबत नसे, त्याचा आवाज फक्त कमीजास्त होई. मग एका सकाळी जाग येताच घर विचित्र शांत वाटे. पागोळ्या थांबलेल्या असत. आत्या बाहेर येऊन "उघडीप पडली" म्हणे आणि क्षणाचाही विलंब न लावता घरातली सगळी अंथरुणे अंगणात काढी. तिच्या लेखी ही उघडीप पावसाने घेतलेली विश्रांती होती. पाऊस मात्र तेव्हा विश्रांती घेत नव्हता, तो दुसरीकडे गेलेला होता.

मान्सून सक्रिय असतो तेव्हा हा आस नेहमीच्या जागेपेक्षा दक्षिणेला ओडिशा-मध्य प्रदेशाकडे उतरतो आणि त्याचे पूर्वेकडचे टोक उपसागरात बुडालेले असते. त्या टोकापाशी कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि पट्ट्याच्या कडेकडेने पश्चिमेला सरकतात. पट्टा जमिनीपासून वर जाताना दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे जोराचा पाऊसही त्याच्या दक्षिण अंगालाच पडतो. मध्य भारत भिजतो, किनाऱ्याला समांतर दुसरा एक कमी दाबाचा पट्टा उभा राहतो आणि घाटावर झड लागते. खंड पडतो तेव्हा याच्या उलट घडते. आस उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकतो, किंवा जमिनीलगतच्या नकाशावरून दिसेनासाच होतो. मध्य भारत आणि पश्चिम किनारा कोरडे पडतात, आमच्याकडचा वारा ढिला पडतो. आणि पाऊस हिमालयाच्या उतारांवर, ईशान्य भारतात आणि थोडा तमिळनाडूकडे जातो. बिहारच्या नद्यांना अनेकदा अशाच दिवसांत पूर येतात.

२०२३ चा ऑगस्ट आठवून पाहावा. १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत देशाने तेवढा कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. पावसाची तूट ३६ टक्के होती. आमच्याकडे लोक कोयना धरण भरणार की नाही याचे आकडे रोज मोजत होते, आणि त्याच दिवसांत, १४ ऑगस्टला, सिमल्यात दरड कोसळून एका मंदिरात जमलेली माणसे गाडली गेली. आस डोंगराला टेकल्याची ही दोन टोके होती.

आता तो मुळात सरकतो का, याचे उत्तर एका कारणात बसत नाही. उपसागरात नवी कमी दाबाची क्षेत्रे तयार होणे थांबले की पट्ट्याला दक्षिणेत धरून ठेवणारे काही उरत नाही. त्याच सुमारास हिमालयापलीकडून पश्चिमी वाऱ्यांची एखादी लाट खाली झुकली, तर ती त्याला वर ओढून घेते. याहून मोठी गोष्ट डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखवली. ढगांचा एक पट्टा जमिनीवर असतो, तसा दुसरा विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागरावर उठतो, आणि हा समुद्रावरचा पट्टा काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे चालत येऊन जमिनीवरच्या थकलेल्या पट्ट्याची जागा घेतो. समुद्रावरचा पट्टा जोरात असताना तिथे वर गेलेली हवा आपल्या बाजूला खाली उतरते आणि जमिनीवरचे ढग दाबून टाकते. खंड मोडतो तो बहुधा हा पट्टा वर सरकत आला म्हणून, किंवा उपसागरात पुन्हा एखादे क्षेत्र तयार झाले म्हणून.

साताऱ्यात चार दिवस ऊन पडले म्हणजे मान्सूनचा खंड झाला, असे मात्र नाही. शास्त्रज्ञ त्यासाठी गुजरात-राजस्थानपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताचा पाऊस पाहतात आणि तो किमान सलग तीन दिवस सरासरीपेक्षा बराच खाली राहिला तरच त्याला खंड म्हणतात. आमच्या गाद्यांना तिथे मत नाही.

आत्याच्या जिल्ह्यातच, पण पार पूर्वेला, माण तालुक्यात माझा मामा बाजरी करतो. आषाढात त्याच्या रानात उभे राहिले तर पश्चिमेकडून काळे ढग रांगेने येत असतात आणि खाली भुरभुर सोडून पुढे निघून जातात. "ढग नुसतं पळत्यात, थांबत न्हाईत," असे तो त्यांच्याकडे न पाहताच म्हणतो. त्याचे निरीक्षण अचूक आहे. आस दक्षिणेला आला की वाऱ्याला जोर येतो, आणि वाऱ्याला जोर आला की पाणी सगळे घाटमाथ्यावर गळते, घाट ओलांडून खाली उतरणारी हवा कोरडी होत जाते. मामाचा भरवसा त्यामुळे सक्रिय मान्सूनवर नसतोच. तो सप्टेंबरात वारा पडल्यावर दुपारी गडगडत येणाऱ्या पावसाची वाट पाहतो.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उपसागरात तयार झालेले क्षेत्र तीव्र होऊन ओडिशाच्या किनाऱ्याकडे आले, पश्चिमेचा वारा घाटावर आदळत राहिला, कोयनेचे दरवाजे उघडावे लागले आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. लोक गच्च्यांवरून बोटीत उतरत होते. त्याच आठवड्यात माणमध्ये चारा छावण्या चालू होत्या, आणि मामाची जनावरे छावणीतच बांधलेली होती.