आठ आठवडे मातीखाली

आमच्या इंदूरच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी एका जुलैमध्ये आम्हां मुलींकडून जो प्रयोग करून घेतला, तो मला आजही तपशीलवार आठवतो. मातीच्या कुंड्यांत माळव्याची काळी माती भरून तिच्यात केळ्याची साल, सुती रुमालाचा तुकडा, वर्तमानपत्राची घडी आणि पॉलिथिनच्या पिशवीचा तुकडा अशा वस्तू चार बोटे खोल पुरायच्या आणि आठ आठवड्यांनी उकरायच्या, एवढेच त्याचे स्वरूप होते. प्रत्येक वस्तू कांद्याच्या जाळीदार पिशवीत बांधून तिची नायलॉनची दोरी मातीवर ठेवायची, म्हणजे नंतर शोधाशोध होत नाही, ही युक्तीही बाईंचीच होती.

पुरण्यापूर्वी आमच्या गटाच्या सालीचे वजन ४८ ग्रॅम भरले. आठ आठवड्यांनी जाळीत देठाकडचे काळे, तंतुमय अवशेष तेवढे उरले होते. ब्रशने माती झाडून ते वाळवले, तेव्हा वजन जेमतेम १ ग्रॅम आले आणि "४७ ग्रॅम साल कुजली" असे मी वहीत लगेच लिहून टाकले. त्यावर बाईंनी कपाटातून एक डबा काढला. पहिल्याच दिवशी त्यांनी तेवढ्याच वजनाची दुसरी साल विजेच्या दिव्याखाली, वजन उतरायचे थांबेपर्यंत, वाळवून ठेवली होती आणि तिचे वजन अवघे ६ ग्रॅम होते. म्हणजे माझ्या ४७ ग्रॅमांपैकी सुमारे ४२ ग्रॅम निव्वळ पाणी होते, जे सालीतून मातीविनाही गेलेच असते. कुजण्याविषयी बोलायचे तर ते उरलेल्या ५ ग्रॅमांपुरतेच, आणि त्यातलेही काही बारीक तुकडे जाळीच्या भोकांतून मातीत निसटले नसतील असे म्हणता येत नव्हते. म्हणून "कोरड्या ऐवजापैकी जास्तीत जास्त पाच षष्ठांश भाग कुजला असावा" असे वाक्य अखेर वहीत राहिले. पेन्सिलीने खोडलेला तो आकडा मला तेव्हा फार लागला होता.

रुमालाची गोष्ट याहून बोलकी होती. आमच्या कुंडीतला तुकडा मधोमध विरून गेला होता, परंतु त्याच्या काठाची शिलाई चौकोनी कड्यासारखी जशीच्या तशी हाती आली, कारण शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा होता. कापसातले सेल्युलोज बुरशी आणि जिवाणू खाऊ शकतात, तर पॉलिएस्टर त्यांना सहजासहजी पचत नाही, हा फरक एकाच कापडाच्या तुकड्यात बोटांनी चाचपता आला. शेजारच्या गटाचा रुमाल मात्र बराच शाबूत निघाला. त्यांच्या कुंडीचे तळाचे भोक चिकट मातीने बुजले होते, वरून पाऊस पडत राहिला, पाणी साचले आणि उकरताना कुजक्या अंड्यासारखा वास आला. तुंबलेल्या पाण्यात हवा पोहोचत नाही आणि हवेविना सेल्युलोज फार सावकाश कुजते, हे त्यामागचे कारण संभवते. पण आम्ही एका कुंडीत एकच रुमाल पुरला होता, तेव्हा फरक नक्की पाण्यामुळे पडला की दोन रुमालांच्या विणीमुळे, हे या प्रयोगावरून सिद्ध होत नव्हते. प्रत्येक वस्तूचे निदान तीन-तीन तुकडे आणि एक भोक मुद्दाम बुजवलेली कुंडी हवी होती, असे बाईंनी स्पष्ट सांगितले.

पिशवीचा तुकडा धुऊन, वाळवून तोलला, तर काटा पहिल्या आकड्यावरच थांबला. "प्लास्टिक कधीच कुजत नाही," असे वर्गातल्या बहुतेकींनी लिहिले आणि दोघींनी कुठेतरी वाचलेला शेकडो वर्षांचा आकडा जोडला. बाईंनी सांगितले की पॉलिथिनचा शोध १९३३ सालचा, त्यामुळे त्याला शेकडो वर्षे मातीत पडलेले कोणी पाहिलेलेच नाही आणि असे आकडे अंदाजातून येतात. मग फळ्यावर त्यांनी लिहिले : "या मातीत, पावसाळ्याच्या आठ आठवड्यांत, आमच्या काट्याला कळेल एवढा फरक पडला नाही." शब्द थोडे होते, पण मला ते वाक्य तेव्हाही अपुरे वाटले नाही, प्लास्टिक टिकून राहते ही चिंता त्यात पुरेशी उतरली होती, आणि आम्ही जे पाहिले नव्हते ते त्यात नव्हते.

तो तुकडा बाईंनी पुन्हा जाळीत बांधून त्याच कुंडीत पुरला. कुंडीवर तारीख आणि वजन खडूऐवजी ऑइलपेंटने लिहिले, आणि पुढच्या जुलैत ती उकरण्याचे काम आमच्या मागच्या वर्गाकडे सोपवले.