पस्तीस सेकंदाची दिवाळी

दिवाळीला गिऱ्हाइकांसाठी व्हिडिओ करायचं भाच्याच्या डोक्यात आलं. मी म्हणलं कामून, दरवर्षी दिव्याचं चित्र टाकतोच की स्टेटसला. तर तो म्हणे मामा, ते चित्र आख्ख्या सेलूत सगळेच टाकतेत, तुमचं तोंड कुणी टाकत नाही. आता ह्याला काय उत्तर द्यावं.

मग रात्री शटर अर्धं ओढून यादीच्या कागदाच्या पाठीमागं लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता एकदम लग्नपत्रिकेच्या भाषेत शिरलो. "सर्व ग्राहक बंधू-भगिनींना, हितचिंतकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, आपणास सुख, समृद्धी, धनधान्याची भरभराट लाभो", त्याच्या खाली दुकान किती सालापासून हाय ते, आणि त्याच्या खाली ऑफर, दोन हजाराच्या किराण्यावर उटण्याचं पाकीट फ्री, लक्ष्मीपूजनापर्यंतच, स्टॉक असेल तोवर. भाच्यानं घड्याळ लावून वाचायला लावलं. दोन मिनिटं दहा सेकंद!

बायको आतून ऐकत होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "धनधान्याची भरभराट कुणाला म्हणायलात? दुधनेकाठच्या लोकांना?"

ते बरोबरच होतं. सप्टेंबरातल्या पावसानं पाणी शेतात उभं राहिलं तेव्हा सोयाबीनला जाग्यावरच कोंब फुटले, तीच माणसं आता काउंटरवर येऊन तेलाचा डबा नको, पाकीटच द्या म्हणायलेत, रवा दोन किलोचा एक किलो झालाय, काजू तर यादीत लिहून परत खोडलेला दिसतो. यादी वाचली की घर कळतं आपल्याला. अशा माणसाला भरभराट म्हणलं तर ती शुभेच्छा राहत नाही, टोमणा होतो. मग ती ओळ काढली. दुकानाचं सालही काढलं, कारण रोज येणाऱ्या माणसाला ते काय करायचंय, आणि नावही काढलं, तोंड दिसायलंय की.

ऑफरवर मात्र माझं अडलं. दोन हजाराची अट ठेवली तर ज्यानं काजू खोडलाय त्यालाच पाकीट मिळणार नाही, आणि "स्टॉक असेल तोवर" म्हणलं की अख्खा व्हिडिओ हँडबिल होतो, त्याच्या आधी कितीबी मनापासून बोला. हिशोब केला, उटण्याचं छोटं पाकीट होलसेलमध्ये असं काही महाग पडत नाही. अटच काढून टाकली. अट गेली तशी चार ओळींची ऑफर एका ओळीत बसली, आणि ती शेवटाकडं, जाता जाता.

सकाळी फोन गुळाच्या ढेपेला टेकवून शूटिंग केलं. पहिल्या वेळी शटर माझ्या पाठीमागं होतं तर तोंड काळंठिक्कर, जणू कुणी खंडणी मागायलंय. फिरून शटरकडं तोंड केलं, मग उजेड आला. दुसऱ्या वेळी पंख्याची घरघरच जास्त. तिसऱ्या वेळी मी कागदात बघून वाचत होतो, डोळे सारखे खाली, म्हणून भाच्यानं बिस्किटाच्या खोक्यावर जाड पेनानं चारच शब्द लिहून फोनच्या वर धरले: पाऊस, यादी, उटणं, चहा. मग जे निघालं ते असं:

"राम राम. यंदा पावसानं लय झोडपलं, कुणाचं सोयाबीन गेलं, कुणाच्या घरात पाणी शिरलं, आम्हाला इथं उभं राहून कळतंय. तरी तुम्ही दिवाळीची यादी घेऊन आमच्याकडंच येता, मोठी असो का छोटी, त्याची आम्हाला जाण आहे. लेकराबाळात दिवाळी गोड करा. आणि हां, यादीसोबत उटण्याचं एक पाकीट आमच्याकडून, यादी केवढी का असंना. या, चहा घेऊ."

पस्तीस सेकंद. उधारीचा शब्द नाही काढला, दिवाळीच्या तोंडावर तो नसतो काढायचा, वहीत हायच की.

वसुबारसेला सकाळी व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर टाकला. तिथं एक गोम आहे, ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो, आणि एका लिस्टमध्ये 256च माणसं बसतात. माझी जुनी गिऱ्हाइकं माझा नंबर सेव्ह कशाला करतील, त्यांना दुकान माहीत हाय. त्यामुळं ज्यांच्यासाठी एवढं खोडलं-लिहिलं त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत काही गेलंच नाही. मग स्टेटसला टाकला तर तिथंही तेच, नंबर दोघांकडंही सेव्ह पाहिजे.

दुपारी एक म्हातारबा आले, कायमचे, पिशवी काउंटरवर ठेवली. नातवानं फोनवर दाखवला म्हणे.

"तू होय रे तो? मला वाटलं बातम्या हायत."

"कसा वाटला, बाबा?"

"बरा बोललास. पण तोंड लय बारीक करून बोललास, जेवला नव्हतास का?" असं म्हणून यादी काढली. रवा एक किलो, साखर दोन, डालडा अर्धा. खाली पेन्सिलनं काहीतरी लिहून खोडलेलं होतं. मी उटण्याचं पाकीट पिशवीत टाकलं तर ते म्हणाले दोन टाक, सून बी हाय.

टाकली दोन.