पहिल्या वाक्यात तारीख

एका तालुक्याच्या गावी ९ शाखा असलेली एक पतसंस्था आहे. तिचे जुने सॉफ्टवेअर बदलून नवी संगणक प्रणाली बसवण्याचे काम आमच्या कंपनीकडे होते आणि त्या कामाचा व्यवस्थापक मी होतो. नवी प्रणाली १ ऑक्टोबरला सुरू करायचे ठरले होते. ही तारीख सोयीची होती, कारण ३० सप्टेंबरला अर्धवार्षिक व्याज खात्यांना जमा होते आणि दुसऱ्या दिवशी सगळी खाती स्वच्छ शिलकेवर उघडतात. ११ सप्टेंबरला मला अध्यक्ष, सरव्यवस्थापक आणि संचालक मंडळासमोर बसून सांगायचे होते की ती तारीख आता शक्य नाही.

आदल्या रात्री मी निवेदनाचा मसुदा तयार केला आणि चाचणी विभागातल्या सहकारी बाईंना वाचून दाखवला. त्यात सुरुवातीला पूर्ण झालेल्या कामांची यादी होती, मग अडचणी आणि अगदी शेवटी नवी तारीख. त्यांनी हातात पेन्सिल घेतली आणि दोनच गोष्टींखाली रेघा ओढल्या. ‘तपासणी राहून गेली’, ‘फरक आढळून आला’, ‘विलंब झाला’ अशा ज्या वाक्यांत करणारा माणूसच नव्हता, ती सर्व वाक्ये त्यांनी खुणावली, आणि माझ्या वाक्यांतला प्रत्येक ‘पण’ खुणावला. दोन पानांत अकरा ‘पण’ निघाले. मराठीत जबाबदारी अंगावरून झटकायला ‘राहून गेले’ इतके सोयीचे क्रियापद दुसरे नसेल. कोणी ठेवले नाही, कोणी विसरले नाही, ते आपले आपणच राहून गेले. मी मसुदा उलटा केला आणि तारीख पहिल्या वाक्यात आणली.

सभेत मी म्हणालो, “अध्यक्षसाहेब, नवी प्रणाली १ ऑक्टोबरला सुरू होणार नाही. पहिली शाखा ३ नोव्हेंबरला सुरू होईल आणि नववी १ डिसेंबरला, म्हणजे आम्ही ६१ दिवस मागे आहोत. याची दोन कारणे आहेत. दोन्ही आधी सांगतो, मग पुढचा आराखडा मांडतो आणि त्यात तुमच्याकडून काय लागेल तेही सांगतो.” खोलीत कोणी बोलले नाही. सरव्यवस्थापक साहेबांनी वहीत तीन तारखा लिहिल्या, हे मला दिसले.

पहिले कारण नावांचे होते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हती. युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटच्या सांकेतिक क्रमांकांत ती साठवलेली होती. अशा फाँटमध्ये अक्षरे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवतात. ‘शिर्के’ या नावात ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी येते आणि रफार ‘क’च्या नंतर. युनिकोडमध्ये याच्या नेमके उलट असते: वेलांटी अक्षरानंतर आणि रफाराचा ‘र’ पुढच्या अक्षराच्या आधी. हा क्रम बदलून देणारा प्रोग्रॅम आमच्याकडे होता आणि २०० नावांच्या नमुन्यावर तो बिनचूक चालला होता. काम दहा दिवसांचे आहे असा अंदाज मी त्याच नमुन्यावरून दिला.

तो नमुना फक्त मुख्य शाखेचा होता. ९ पैकी ३ शाखा पूर्वी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर होत्या आणि तिथला फाँट वेगळा होता. त्या शाखांची माहिती पुढे मूळ माहितीत मिसळली गेली, मात्र कुठली नोंद कुठल्या फाँटमधली याची खूण कुठेच ठेवलेली नव्हती. एकच क्रमांक एका फाँटमध्ये ‘न’ होता, तर दुसऱ्यात ‘त’. सुमारे ३८,००० खातेदारांची नावे पालटली तेव्हा ४,१०० नावांत उघड मोडतोड दिसली. शब्दाच्या सुरुवातीलाच वेलांटी, एका अक्षरावर दोन मात्रा, असे प्रकार होते आणि ते संगणकाला पकडता येतात. ‘माने’चे ‘माते’ झाले तर मात्र संगणकाला काहीच वावगे वाटत नाही. ठेव पावतीवर किंवा वारसदाराच्या रकान्यात ते नाव चुकलेले राहिले, तर ते कळायचे त्या घरातला माणूस गेल्यावर.

हे मी सभेत जवळपास याच शब्दांत सांगितले आणि पुढे म्हणालो, “प्रत्येक शाखेतून नमुना घ्यायला हवा होता. मी एकाच शाखेतून घेतला. अंदाज तिथे चुकला.” एका संचालकांनी विचारले, “अशी ‘माते’ झालेली नावे किती आहेत?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. नवीन नोंदीत पॅन कार्डावरचे इंग्रजी नाव असते. ते मराठी नावाशी ताडून संशयित यादी काढणार होतो, म्हणून मी २५ सप्टेंबरला आकडा देईन असे सांगितले आणि त्या दिवशी तोंडाला येईल तो आकडा देण्याचे टाळले.

दुसरे कारण व्याजाचे. सोनेतारण कर्जावर जुने सॉफ्टवेअर कर्ज दिल्याचा दिवस आणि फेडल्याचा दिवस असे दोन्ही दिवस मोजत होते, तर नवी प्रणाली त्यांतला एकच मोजते. ५०,००० रुपयांच्या कर्जावर दरसाल १२ टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज १६ रुपये ४४ पैसे होते. रक्कम किरकोळ वाटते, पण हजारो कर्जांवर ती साचली की जुन्या आणि नव्या व्याजाची बेरीज जुळत नाही, आणि बेरीज का जुळत नाही हे शोधण्यात आमचे बारा दिवस गेले. ती रीत कुठल्याही परिपत्रकात नव्हती. मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ती प्रोग्रॅममध्ये घातली होती आणि तो माणूस कधीच निघून गेला होता.

माझ्या पिशवीत त्या वेळी गरजांचा दस्तऐवज होता. ‘व्याज दैनंदिन शिलकेवर आकारावे’ एवढेच त्यात लिहिले होते आणि खाली संस्थेची सही होती. तो बाहेर काढला असता तर वाद मी जिंकलो असतो. मी तो काढला नाही. दिवस कसे मोजायचे हा प्रश्न सही घेण्याआधी विचारणे आमचे काम होते, कारण असा प्रश्न असू शकतो हे आम्हाला माहीत असते, शाखेतल्या रोखपालाला नाही. मी एवढेच म्हणालो, “दोन्ही दिवस मोजायचे की एक, हा संस्थेचा धोरणात्मक निर्णय आहे. तो २० सप्टेंबरपर्यंत मिळाला तर मी सांगितलेल्या तारखा टिकतात. नंतर मिळाला तर जितके दिवस उशीर, तितके दिवस त्या पुढे जातील.” ग्राहकाकडून हवी असलेली गोष्ट तक्रारीच्या सुरात मागितली की ती आरोपासारखी ऐकू जाते. म्हणून ती आराखड्यातल्या इतर कामांसारखीच, तारखेसकट मांडली.

आराखडा लांबलचक नव्हता. संशयित नावे शाखानिहाय छापून देणार होतो. प्रत्येक शाखेतले दोन कर्मचारी चार दिवस ती नावे सहीच्या नमुना कार्डावरून तपासणार होते. शनिवारी ११ ऑक्टोबरला व्यवहार बंद झाल्यावर सगळ्या शाखांची रंगीत तालीम. त्या तालमीच्या कसोट्या मी तीनच ठेवल्या आणि तिन्ही अशा निवडल्या की संस्थेला आमच्या शब्दावर विसंबावे लागू नये: प्रत्येक शाखेचे तेरीज पत्रक, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे शिलकांचा तक्ता, पैशापर्यंत जुळले पाहिजे, संशयित नावांच्या यादीत एकही न तपासलेले नाव उरता कामा नये, आणि संस्थेने स्वतः निवडलेल्या ५० कर्जांचे हाताने काढलेले व्याज प्रणालीच्या व्याजाशी जुळले पाहिजे. १५ ऑक्टोबरपर्यंत यांतली एकही कसोटी अपुरी राहिली, तर पहिली शाखा ३ ऐवजी १७ नोव्हेंबरला सुरू होईल, हेही त्याच वेळी सांगितले. दिवाळीच्या आठवड्यांत काहीच सुरू करणार नव्हतो, कारण तेव्हा रोख काउंटरवर रांगा असतात आणि नव्या पडद्यावर बोटे अडखळतात. सभासदांचे मोबाइल ॲप जानेवारीत ढकलले. पिग्मी एजंटांची यंत्रे मात्र पहिल्याच दिवसापासून लागणार होती. “माणसे वाढवून वेळ भरून काढू” असे म्हणण्याचा मोह झाला होता, पण माने की माते हे पुण्यात बसलेला नवा माणूस ठरवू शकत नाही.

नंतर एका निवृत्त मुख्याध्यापक संचालकांनी शांतपणे विचारले, “हे तुम्हाला कळले कधी?”

मसुद्यात या प्रश्नाचे उत्तर मी लिहिले नव्हते. “२५ ऑगस्टला,” मी म्हणालो. २९ ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर अशा दोन साप्ताहिक अहवालांत मी ‘काम वेळापत्रकानुसार’ असे लिहिले होते. “दोन आठवड्यांत भरून काढता येईल असे मला वाटले आणि म्हणून मी कळवले नाही. ते तेव्हाच कळवायला हवे होते.” त्यांनी मान हलवली, बोलले काही नाही. त्या दिवशी मला सगळ्यात जड गेलेली वाक्ये हीच. पुढच्या शुक्रवारपासून अहवालात दोन रकाने असतील, गेल्या आठवड्यात काय सांगितले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, एवढे मी कबूल केले.

सगळे संपले असे वाटत असताना सरव्यवस्थापक साहेब म्हणाले, “जुन्या सॉफ्टवेअरचा देखभाल करार ३० सप्टेंबरला संपतो. तीन महिने वाढवायचा तर पैसे कोण देणार?” आमच्या विलंबाचा खर्च संस्थेच्या खात्यात कुठे पडतो, याचा मी विचारच केलेला नव्हता. तिथल्या तिथे “आम्ही देऊ” म्हणणे सोपे होते, पण तो अधिकार माझा नव्हता. “याचा विचार मी केला नव्हता. उद्या दुपारी बारापर्यंत कळवतो,” असे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन केला. पूर्ण रक्कम आमच्या कंपनीने भरली. त्यासाठी सकाळी माझ्या वरिष्ठांसमोर तेच निवेदन पुन्हा करावे लागले, आणि तिथे ‘पण’ टाळणे मला जास्त अवघड गेले.

१३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी सरव्यवस्थापक साहेबांना फोन केला. “साहेब, आठ शाखांचे तेरीज जुळले. नवव्या शाखेत ३ रुपये ४० पैशांचा फरक आहे. नावे आणि व्याज दोन्ही ठीक आहेत.”

“मग तारीख?”

“परवापर्यंत फरक सापडला तर ३ नोव्हेंबर. नाही सापडला तर १७.”

“बरं,” ते म्हणाले, “नवव्या शाखेची जुनी खतावणी मी काढून ठेवायला सांगतो.” फरक त्याच खतावणीत, एका बंद झालेल्या अनामत खात्यावर, १४ तारखेला सकाळी सापडला.