माप बरोबर, जॉब उलटा

चाकणहून फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. "मॅडम, तुमचे बाराच्या बारा ब्लॉक चुकलेत. पिन बसत नाही."

मी इन्स्पेक्शन रिपोर्टची फाइल काढली. भोसरीतल्या आमच्या छोट्या शॉपमध्ये तपासणीचं काम माझ्याकडेच आहे आणि त्या रिपोर्टखाली सही माझी होती. एकही माप बाहेर नव्हतं. बारा ब्लॉक, प्रत्येकाची नऊ मापं, सगळी बरोबर. मी फोनवर ठामपणे तसं सांगितलंही. पलीकडून तितकंच ठाम उत्तर आलं, "मापं बरोबर असतील, पण ब्लॉक चुकलाय. येऊन बघा."

आमचे मिलिंगचे मामा आणि मी त्यांच्याच गाडीवरून निघालो. मोशीच्या पुढे ट्रकच्या रांगेत अडकलो, तेवढा वेळ मी मनातल्या मनात ते ड्रॉइंग पुन्हा उभं करत होते. त्यात गुंतागुंतीचं काहीच नव्हतं. ८० एमएम लांब, ५० रुंद, ४० उंच असा साधा ठोकळा. वरून खालपर्यंत आरपार एक चौकोनी खिडकी, ३० बाय १६ ची. आणि पिनसाठी समोरून मागे आरपार जाणारं ८ एमएमचं एक रीमर मारलेलं भोक. एवढंच.

ड्रॉइंगमध्ये तीन चित्रं होती. वर डावीकडे फ्रंट व्ह्यू, त्यात डाव्या कडेपासून ६२ वर आणि तळापासून १२ वर भोकाचं वर्तुळ आणि डावीकडे, आत दडलेल्या खिडकीच्या दोन उभ्या तुटक रेघा. त्याच्या बरोबर खाली दुसरं चित्र, त्यात खिडकीचा अखंड रेघेचा चौकोन, खालच्या कडेपासून ८ वर. आणि फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे तिसरं चित्र, त्यात बाहेरची चौकट सोडून सगळ्याच रेघा तुटक. फ्रंटच्या खाली टॉप, उजवीकडे डावी बाजू. आपल्याकडे शाळा-कॉलेजात, आयटीआयमध्ये हीच मांडणी, फर्स्ट अँगल, शिकवतात, म्हणून आम्ही ते तसंच वाचलं. वाचलं म्हणजे, दुसऱ्यांदा बघायची गरजच वाटली नाही.

चाकणला त्यांच्या फिटरने फिक्स्चरची प्लेट टेबलावर ठेवली आणि आमचा ब्लॉक तिच्यावर ठेवला. भोक उजवीकडे, तळाशी. ते बरोबर जागी आलं. पण खिडकी समोरच्या बाजूला आली, तिथे ती मागच्या बाजूला हवी होती. त्याने ब्लॉक टेबलावरच अर्धा गोल फिरवला. आता खिडकी मागे गेली, पण ती उजवीकडे आली आणि भोक डावीकडे. मग त्याने तो उलथा केला, तळ वर. खिडकी मागे आणि डावीकडे, अगदी जिथे हवी तिथे. पण भोक तळापासून १२ वर असायला हवं होतं, ते गेलं २८ वर. ४० मधून १२ गेले की २८. कसाही फिरवा, एक गोष्ट जागेवर आली की दुसरी जागा सोडत होती. मामा त्या ब्लॉककडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हा तर डाव्या हाताचा हातमोजा झालाय."

नेमकं तेच झालं होतं. आम्ही आरशातला ब्लॉक बनवला होता. मापं आरशात बदलत नाहीत. व्हर्निअरला आणि हाईट गेजला डावं-उजवं कळत नाही, म्हणून माझा रिपोर्ट निष्कलंक होता.

मग मूळ ड्रॉइंग मागवलं. आम्हाला व्हॉट्सॲपवर आलेला फोटो कोणीतरी तीन चित्रांपुरता कापून पाठवलेला होता. ड्रॉइंगची माहिती देणारा टायटल ब्लॉक त्यात नव्हता, आणि तो नाही हे बघूनही मी काम पुढे जाऊ दिलं होतं. पूर्ण कागद स्क्रीनवर उघडला तेव्हा उजव्या कोपऱ्यात, मटेरियलच्या रकान्याशेजारी, ते छोटं चिन्ह दिसलं: आडवा पडलेला कापलेला शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. वर्तुळं शंकूच्या निमुळत्या टोकाच्या बाजूला होती. म्हणजे थर्ड अँगल, चित्रं मांडायची दुसरी पद्धत.

ते चिन्ह मला असंच लक्षात राहतं. शंकूच्या निमुळत्या टोकाकडून बघितलं तरच दोन्ही वर्तुळं अखंड रेघेत दिसतात. थर्ड अँगलमध्ये जिकडून बघितलं तिकडेच चित्र काढायचं, म्हणून वर्तुळं निमुळत्या टोकाशी. फर्स्ट अँगलमध्ये बघितलं एकीकडून आणि चित्र पडलं पलीकडे, भिंतीवर सावली पडावी तसं, म्हणून वर्तुळं रुंद टोकाशी. भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ फर्स्ट अँगल धरतं, अमेरिकेत थर्ड अँगलची पद्धत आहे, आणि हे ड्रॉइंग तिथूनच आलेलं होतं.

म्हणजे फ्रंटच्या खालचं ते दुसरं चित्र टॉप व्ह्यू नव्हतंच. तो तळाचा व्ह्यू होता. ब्लॉकची प्लेटवर बसणारी बाजू तळाची, म्हणून त्यांच्या डिझाइनरने ती दाखवली होती. वरून बघितलेल्या चित्रात खालची कड म्हणजे समोरची बाजू. खालून बघितलेलं चित्र फ्रंटच्या खाली ठेवलं की त्याची खालची कड म्हणजे मागची बाजू. आमची ८ एमएमची भिंत समोर आली, त्यांची मागे होती.

इथे मला खरा धक्का बसला, कारण माझ्याकडे या चुकीवर एक खात्रीचा उपाय होता. निदान मला तसं वाटायचं. नवीन पोरगं कामाला लागलं की मी त्याला कोपरा कापलेला ठोकळा देते, समोरचा-उजवा-वरचा कोपरा खाचेसारखा काढलेला. त्याचे तीन व्ह्यू काढून घेते आणि मग म्हणते, आता हेच ड्रॉइंग थर्ड अँगल समजून वाच. दोन मिनिटांत ते पोरगं अडकतं. खाच फ्रंटमध्ये अखंड रेघेत आहे, म्हणजे ती समोर आहे. पण खालचं चित्र तळाचं मानलं तर खाच मागे जाते, आणि मागची खाच समोरून दिसणार नाही, तिची रेघ तुटक हवी. शिवाय वरची खाच तळातून अखंड कशी दिसेल? रेघा एकमेकींशी भांडायला लागतात. म्हणून मी सगळ्यांना सांगत आले की अँगल चुकला तर तुटक रेघ सांगतेच.

या ब्लॉकमध्ये तुटक रेघ काहीच सांगत नव्हती. परत आल्यावर मला ते डोक्यात बसेना, म्हणून मी टपरीशेजारच्या दुकानातून कपड्याच्या साबणाच्या दोन वड्या आणल्या. एक फर्स्ट अँगलने कापली, एक थर्ड अँगलने, खिडकी ब्लेडने आणि भोक जुन्या रिफिलने. दोन्ही वड्या टेबलावर ठेवल्या आणि ड्रॉइंगमधली एकेक रेघ दोघींशी लावून बघितली. समोरून भोक अखंड वर्तुळ, मागून बघितलं तरी अखंड वर्तुळ, कारण ते आरपार. खिडकी वरून अखंड चौकोन, खालून बघितली तरी तसाच, तीही आरपार. बाजूने बघितलं तर दोन्ही पोटात दडलेली, डावीकडूनही तुटक आणि उजवीकडूनही तुटक. तीन चित्रांमधली एकही रेघ अशी नव्हती की जी एका वडीला खरी आणि दुसरीला खोटी ठरेल. दोन्ही वाचनं पूर्णपणे बरोबर, आणि दोन वड्या एकीवर एक कधीच बसणार नाहीत अशा.

मामांनी विचारलं, "मग नुसती खिडकीच असती तर?" हा प्रश्न फार नेमका होता. नुसती आरपार खिडकी असती, तर चुकीचा ब्लॉक नुसता उलथा केला की बरोबर झाला असता, कोणाला पत्ताही लागला नसता. भोकाने उंची पकडून ठेवली, म्हणून उलथं करण्याची वाट बंद झाली. आणि भोक बरोबर मधोमध, २० वर असतं, तरीही आम्ही सुटलो असतो. मला वाटतं, अशा जॉबवर आम्ही आधीही अनेकदा असे सुटलो असणार.

चूक दोन्हीकडची असली तरी नुकसान आमच्या रॅकवर पडून होतं, ईएन ८ पोलादाचे बारा घडवलेले ब्लॉक. वाचवण्याची वाट त्या फिटरच्याच हालचालीत होती. उलथा केल्यावर खिडकी बरोबर जागी येत होती, फक्त भोक २८ वर जात होतं. मग त्याच स्थितीत १२ वर नवीन भोक मारलं तर? दोन भोकांच्या मध्यांत १६ चं अंतर, म्हणजे मध्ये ८ एमएम धातू शिल्लक. पिनला तेवढा पुरेसा होता. मी साबणाच्या वडीत दुसरं भोक पाडलं, फोटो काढला आणि त्यांच्या इंजिनिअरला पाठवून लेखी परवानगी मागितली. ती मिळाली, एका अटीवर: जुनं भोक मोकळं ठेवायचं नाही, नाहीतर रात्रपाळीचा माणूस पिन त्यातच घालेल. अट मला पटली.

मामांनी त्याच संध्याकाळी व्हाइस लावला. नव्या तळाच्या बाजूला आधी लाल मार्करने खूण केली, बारा ब्लॉकवर बारा खुणा, आणि मग ७.८ चं ड्रिल, त्यावर ८ चं रीमर. जुन्या भोकात ५० लांबीची ८ ची डॉवेल पिन दाबून बसवली. शेवटच्या ब्लॉकला साडेनऊ झाले. प्रत्येक ब्लॉक मी सरफेस प्लेटवर लाल खूण खाली ठेवून तपासला, आणि या वेळी रिपोर्टमध्ये मापांच्या वर एक ओळ हाताने लिहिली: "तळ खाली, भोक उजवीकडे, खिडकी मागे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकणहून एक फोटो आला. ब्लॉक प्लेटवर बसलेला, पिन आत गेलेली. पाठोपाठ पुढच्या ऑर्डरचं ड्रॉइंग आलं, पूर्ण कागद. मामांनी माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत बोटाने चित्र सरकवलं आणि सरळ उजव्या कोपऱ्यात नेऊन मोठं केलं.

"रुंद टोकाशी आहेत वर्तुळं," ते म्हणाले. "हे आपलं."