ठराव क्रमांक सात, पण कुठला?

“इतिवृत्ताची पुस्तकं आहेत ना कपाटात? मग ठरावांच्या नोंदवहीची ही एक्सेल शीट कशाला करत बसलात?”

लिफ्टमध्ये, पाण्याच्या टँकरपाशी, गणपतीच्या वर्गणीच्या टेबलावर, सगळीकडे मला हे विचारून झालंय. “तुम्हाला वेळ बराच आहे हो” हे त्याचंच गोड रूप. माझ्याआधीच्या दोन सचिवांनीही मला हेच विचारलं, तेव्हा त्यांच्या आवाजात थोडी धास्ती होती. ती का होती, ते पुढे येईल.

पुस्तकं आहेत. एकूण चार. पहिलं हस्ताक्षरातलं, दुसरं निम्मं हस्ताक्षरातलं आणि निम्मं टाइप करून चिकटवलेलं. विशेष सर्वसाधारण सभांसाठी मधल्या कुठल्यातरी समितीने वेगळं पुस्तक घातलं. प्रत्येक पुस्तकाची पानं एकपासून सुरू होतात आणि प्रत्येक सभेचे ठरावही एकपासून सुरू होतात. म्हणजे आमच्या सोसायटीत ‘ठराव क्रमांक 7’ एक नाही. जितक्या सभा सात विषयांपर्यंत पोचल्या तितके आहेत.

यात काय बिघडतं ते आता सांगते. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं प्रकरण बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे, म्हणून पूर्ण लिहिते.

25 ऑगस्ट 2013 च्या वार्षिक सभेत ठराव क्रमांक 7 झाला. गच्चीतून गळती असल्यास सोसायटीने दुरुस्ती करावी, तक्रार दिल्यापासून तीस दिवसांत काम सुरू न झाल्यास सभासदाने स्वतः करून घ्यावं आणि बिल दुरुस्ती निधीतून द्यावं. गळती सोसायटीच्या खर्चाने हे उपविधीतच आहे, हा ठराव फक्त दिरंगाईवरचा उपाय होता. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, सगळं जागच्या जागी.

20 एप्रिल 2014 ला पार्किंगसाठी विशेष सभा झाली. तिथेही ठराव क्रमांक 7 झाला, दुसऱ्या गाडीला महिना 500 रुपये.

आणि 17 ऑगस्ट 2014 च्या वार्षिक सभेत ठराव क्रमांक 4. त्याचं वाक्य जसंच्या तसं देते: “मागील सभेत झालेला ठराव क्र. 7 रद्द करण्यात येत आहे.” बास, एवढंच. कशाचा ठराव, कुठल्या तारखेचा, काही नाही.

तेव्हाच्या समितीने ‘मागील सभा’ म्हणजे मागची वार्षिक सभा असं धरलं. त्यांना अगदीच वेड्यात काढता येणार नाही. त्याच इतिवृत्तात विषय क्रमांक 1 ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ असा आहे आणि तिथे मागील सभा म्हणजे 2013 ची वार्षिक सभाच आहे. त्यामुळे गळतीचा ठराव रद्द झाला असं समजून हिशेबनीसाला तशी सूचना गेली. दुसऱ्या गाडीचे 500 रुपये मात्र बिलात येतच राहिले.

2016 च्या पावसाळ्यात काकूंच्या बेडरूमच्या छताला ओल आली, मग पोपडे सुटले, मग एका रात्री पंख्याशेजारचा प्लॅस्टरचा तुकडा पलंगाच्या कडेवर पडला. त्यांनी जूनमध्ये अर्ज दिला होता, त्यावर सोसायटीचा शिक्का आणि तारीख आहे. ऑगस्ट उजाडला तरी कोणी फिरकलं नाही. शेवटी त्यांनी स्वतः माणूस लावला, 38,400 रुपये दिले आणि 2013 च्या ठरावाचा उल्लेख करून बिल समितीकडे दिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. सदर ठराव रद्द झाला असल्याने मागणी विचारात घेता येत नाही.

काकू भांडखोर नव्हत्या. पुढच्या वार्षिक सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रद्द केला तेव्हा मी सभेत होते. आपण गाड्यांबद्दल बोलत होतो.” अध्यक्ष म्हणाले, “काकू, पुस्तकात लिहिलंय ते खरं.” कोणीतरी हसलं. त्या बसल्या. पुस्तक टेबलावरच होतं, पण ते उघडून 2014 ची चर्चा वाचून दाखवावी असं कोणाला वाटलं नाही. 2018 मध्ये त्यांनी फ्लॅट विकला आणि मुलीकडे नाशिकला गेल्या.

मला हे कळलं नोंदवही करताना. प्रत्येक ठराव ज्या सूचनेच्या विषयावर झाला, ती सभेची सूचनाही मी एका रकान्यात जोडत होते. 2014 च्या सूचनेत विषय क्रमांक 4 आहे ‘दुसऱ्या वाहनाच्या शुल्काबाबत पुनर्विचार’. इतिवृत्तात ठरावाच्या वर चर्चेच्या सहा ओळी आहेत, त्यातही फक्त गाड्या आहेत. गळती हा शब्द त्या अख्ख्या सभेत नाही. काकू बरोबर होत्या.

एवढ्यावर मिटलं असतं तर मी ही शीट आनंदाने मिरवली असती. पण आमच्या उपविधीत असंही आहे की सर्वसाधारण सभेने केलेला ठराव सहा महिने उलटल्याशिवाय रद्द करण्यासाठी आणता येत नाही. एप्रिल ते ऑगस्ट, चार महिनेही पुरे नाहीत. म्हणजे रद्द झाला तो पार्किंगचा ठराव म्हणावं, तर तो रद्द करणंच नियमबाह्य. गळतीचा म्हणावं, तर तो विषय अजेंड्यावर नव्हता. मग 2014 च्या ठराव क्रमांक 4 ने रद्द केलं तरी काय? मला विचाराल तर गळतीचा ठराव कधीच गेला नव्हता, एवढं नक्की. पार्किंगचं मी सांगू शकत नाही. दोन गाड्यावाले सभासद आता परतावा मागताहेत आणि समितीला वाटतं की हे भूत मी उठवलं.

शीट कशी आहे ते विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना जाणून घ्यायचं असतं, तरी सांगते. A रकान्यात प्रत्येक ठरावाला एक संकेत आहे, उदाहरणार्थ AGM2013-07 किंवा SGM2014-07. सुरुवातीची अक्षरं, AGM वार्षिक सभेची आणि SGM विशेष सभेची, शोभेला नाहीत. नुसतं 7/2013 टाइप केलं की एक्सेल त्याचा जुलै महिना करून टाकतं, आणि 07 मधलं शून्य नसेल तर क्रमवारी लावताना दहावा ठराव दुसऱ्याच्या आधी येतो. मग सभेची तारीख, सूचनेतला विषय क्रमांक, ठरावाचा शब्दशः मजकूर, इतिवृत्ताचा संदर्भ (‘पुस्तक 2, पान 143’, पुस्तकाचा क्रमांक नसेल तर पान निरुपयोगी) आणि ते इतिवृत्त कुठल्या सभेत कायम झालं. हा शेवटचा रकाना लोकांना फाजील वाटतो. पण इतिवृत्त कायम करताना कोणी हरकत घेतली, तर 2015 च्या ठरावाची दुरुस्ती 2016 च्या सभेच्या पानावर असते, आणि तिथे कोणी बघत नाही.

स्थितीचे रकाने दोन आहेत. यावरून माझं माझ्याशीच बरंच भांडण झालं. आधी एकच होता, ‘बाकी’ किंवा ‘पूर्ण’. रंगकामाच्या ठरावाला ते ठीक. कंत्राटदार आला, रंग झाला, ठराव पूर्ण. पण थकबाकीवरच्या व्याजाचा दर ठरवणारा ठराव पूर्ण कधी होतो? तो बदलेपर्यंत चालूच असतो. त्याच्यापुढे ‘पूर्ण’ लिहिलं की पुढची समिती तो संपला असं समजते. म्हणून आता G रकान्यात ठराव लागू, दुरुस्त की रद्द, आणि अंमलबजावणी वेगळ्या रकान्यात. H मध्ये हा ठराव जुन्या कुठल्या ठरावाला रद्द किंवा दुरुस्त करतो त्याचा संकेत. मग पहिल्या सूत्राने कळतं की जुना ठराव कोणीतरी बदललाय पण अजून ‘लागू’ दिसतोय, आणि दुसऱ्याने कळतं की ज्याचा संदर्भ दिलाय तो ठरावच वहीत नाही:

```
=IF(AND(COUNTIF(H:H,A2)>0,G2="लागू"),"स्थिती तपासा","")
=IF(H2="","",IF(COUNTIF(A:A,H2)=0,"असा ठराव नाही",""))
```

एका ठरावाने दोन जुने ठराव बदलले आणि तुम्ही दोन्ही संकेत स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत कोंबले, तर पहिलं सूत्र गप्प बसतं आणि दुसरं उगाच ओरडतं. अशा वेळी ती ओळ दोनदा न लिहिता जोड्यांचं वेगळं पान करायचं आणि सूत्रं त्या पानाकडे वळवायची.

समितीत नवी आले तेव्हा मीच म्हणायचे, “पुस्तकात सगळं असतं, बघणाऱ्याला सापडतं.” ती मी एका बाबतीत बरोबर होते. कायद्याच्या दृष्टीने पुस्तकच खरं. ही शीट उपनिबंधकांपुढे ठेवली तर ते पुस्तकच मागतील. शीटच्या पहिल्या ओळीत मी तसं लिहूनही ठेवलंय. पण ‘बघणाऱ्याला सापडतं’ हे चूक होतं, कारण बघणारा ठराव 7 शोधतो, त्याला एक ठराव 7 सापडतो आणि तो पुस्तक मिटतो.

तरी जुन्या मला एक मुद्दा द्यावाच लागेल. H रकाना भरणं म्हणजे नुसती नक्कल नाही. कुठला ठराव कुठल्या ठरावाला रद्द करतो हे ठरवणं म्हणजे अर्थ लावणं, आणि तो अधिकार मला कोणी दिला? AGM2014-04 च्या ओळीत H मी रिकामा ठेवलाय. शेऱ्यात ‘संदिग्ध’ लिहून दोन्ही संकेत, दोन्ही पानं आणि सूचनेचा विषय क्रमांक दिलाय. सध्याचे अध्यक्ष म्हणतात, “ताई, काहीतरी एक भरा, ऑडिटला बरं दिसत नाही.” मी भरणार नाही. SGM2014-07 भरला तर परताव्याचा दावा मी मान्य केल्यासारखं होतं, AGM2013-07 भरला तर काकूंना पाठवलेलं ते दोन ओळींचं पत्र मी कायम केल्यासारखं.

सभेनेच नवा ठराव करून 2014 च्या ठरावाचा अर्थ स्पष्ट करावा, हा विषय मी अजेंड्यावर मागितला. समिती म्हणते, मुदत उलटली, काकू आता सभासदही नाहीत, कोणाला काय द्यायचंय? गेल्या वार्षिक सभेत तो विषय शेवटचा होता आणि वेळेअभावी पुढे ढकलला. तेही ठराव म्हणूनच नोंदवलं गेलं, क्रमांकासकट. अंमलबजावणीच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘बाकी’ आहे.