पहिली मात्रा रिकामी सोडताना

रॉकच्या आणि रेगेच्या वाद्यवृंदांतील वाद्ये एका कागदावर लिहून काढली, तर दोन याद्यांत फारसा फरक दिसत नाही. ड्रमसेट, बेस गिटार, एक-दोन इलेक्ट्रिक गिटारी, ऑर्गन किंवा पियानो, आणि गाणारा माणूस. ताल बहुतेक वेळा दोन्हीकडे चार मात्रांचा असतो, आणि कॉर्ड्स तर रेगेत बहुधा अधिकच साध्या असतात. दोन-तीन कॉर्ड्सवर सबंध गाणे निघते. असे असूनही रॉक सुरू झाला की ऐकणाऱ्याची टाच जमिनीवर आपटू लागते, आणि रेगे सुरू झाला की तोच माणूस गुडघ्यांत किंचित वाकून झुलू लागतो. हा सारा फरक संथ गतीमुळे पडतो, असे पुष्कळांचे म्हणणे असते. मला ते पटत नाही, कारण संथ रॉकही विपुल आहे आणि तो ऐकताना अंग असे झुलत नाही. ठोका कोठे पडतो आणि खर्जातला आवाज कोणाच्या ताब्यात आहे, या दोन गोष्टींत खरे उत्तर आहे, आणि ते कानांनी तपासून पाहता येते.

प्रथम ठोक्याकडे पाहू. रॉकचा सर्वांत साधा ठेका असा असतो: ‘एक’वर पायाने वाजणारा किक ड्रम, ‘दोन’वर हाताने वाजणारा स्नेअर, ‘तीन’वर पुन्हा किक आणि ‘चार’वर पुन्हा स्नेअर. किक जमीन दाखवतो आणि स्नेअर त्याला उत्तर देतो. आता मिनिटाला सुमारे ७५ मात्रांच्या गतीचा रेगे ऐकताना याच पद्धतीने मोजावे. स्नेअर जिथल्या तिथेच, ‘दोन’ आणि ‘चार’वर सापडतो, फक्त बहुतेक वेळा काठी आडवी ठेवून कडेवर आपटल्यामुळे त्याचा आवाज कोरडा, लाकडी येतो. हललेला आहे तो किक. तो ‘एक’ आणि ‘तीन’ सोडून स्नेअरच्या शेजारी, नेमका त्याच क्षणी येऊन बसला आहे. ‘एक’वर हाय-हॅटची बारीक टिकटिक तेवढी उरते. या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात आणि बॉब मार्ली यांच्या ‘वेलर्स’मधील ड्रमवादक कार्ल्टन बॅरेट यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. (पुष्कळ वादक हाच ठेका दुप्पट गतीने मोजतात आणि किक ‘तीन’वर पडतो असे म्हणतात. हिशेब वेगळा असला तरी ऐकू येते ते एकच.)

आपल्याकडच्या श्रोत्याला ही गोष्ट लवकर उमगावी, कारण ठेक्यात जागा मोकळी सोडणे त्याच्या कानाला नवे नाही. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते, डग्ग्याचा घुमारा थांबतो, आणि त्या पोकळीमुळेच पुढची सम जवळ येत असल्याचे कळते. सम मात्र भरलेली असते. गायक, तबलजी आणि दाद देणारा श्रोता तिथे एकत्र येऊन पोहोचतात. वन ड्रॉपमध्ये ती खाली समेवरच आणून बसवली आहे. आवर्तन जिथे सुरू होते तिथेच जमीन नाही, आणि वजन पडते ते एक पाऊल उशिरा. शरीराला ‘एक’ स्वतःच्या मनात धरून ठेवावा लागतो, आणि गुडघ्यांतली ती झुलण्याची हालचाल बव्हंशी या धरून ठेवण्यातूनच येते, असे मला वाटते.

त्या ठोक्यांच्या मधल्या जागा गिटार घेते. ‘एक-आणि-दोन-आणि’ असे मोजले, तर प्रत्येक ‘आणि’वर गिटारचा एक आखूड, कापल्यासारखा आवाज पडतो. त्याला ‘स्कँक’ म्हणतात. तो निघतो वरच्या तीन-चार तारांवर, आणि त्याची खरी करामत छेडणाऱ्या उजव्या हातापेक्षा डाव्या हातात आहे: कॉर्ड वाजल्याबरोबर डाव्या हाताची बोटे तारांवरचा दाब सैल करतात, पण तारांवरून उचलत नाहीत, आणि आवाज जागच्या जागी बुजतो. रॉकचा गिटारवादक याच्या उलट वागतो. तो खालच्या जाड तारांवर कॉर्ड मारतो, ॲम्प्लिफायरमधून आवाज फाडून घेतो आणि तो लांबेल तितका लांबू देतो. त्या एका कॉर्डने वरपासून खालपर्यंतची बहुतेक जागा व्यापली जाते.

ओळखीच्या काही तरुणांचा रॉक बँड एकदा रेगेचे गाणे बसवत होता, त्या तालमीला मी बसलो होतो. मुले हाताने तयार होती आणि स्वर बिनचूक लागत होते, तरी तासभर ते गाणे रेगे होईना. ड्रमवाल्याचा उजवा पाय सवयीने ‘एक’वर पडत होता, आणि तो पडला की सगळा डोलारा एकदम रॉकमध्ये येऊन उभा राहत होता. गिटारवाला ‘आणि’वरच वाजवत होता, परंतु कॉर्ड पुढच्या ठोक्यापर्यंत रेंगाळू देत होता, त्यामुळे मधली रिकामी फट उरतच नव्हती. शिवाय उत्साहाच्या भरात तो ‘आणि’च्या थोडा आधी पोहोचत होता, आणि ठेका झुलण्याऐवजी पळत होता. बेसवाल्याने तर आपली वाट सोडलीच नाही: कॉर्डचा मूळ स्वर, प्रत्येक अर्ध्या मात्रेला एक, अखंड. रॉकमध्ये ते उत्तम चालते. इथे मात्र त्याने सगळ्यांची जागा भरून टाकली होती.

बेसची गोष्ट इथूनच सुरू होते. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. रॉकमध्ये या खालच्या पट्ट्यात किक, बेस आणि गिटारच्या जाड तारा अशी गर्दी असते, म्हणून बेस किकला चिकटून, गिटारच्या खाली आधार होऊन राहतो. गाण्याची ओळख गिटारच्या तुकड्यावर ठरते. रेगेत गिटार वर गेलेली, ऑर्गन मधल्या पट्ट्यात बुडबुड्यांसारखा ठेका धरून बसलेला, किक एका आवर्तनात दोनदाच. खालचा सबंध मजला मोकळा. तिथे बेस चाल गाऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे थांबू शकतो. ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट, म्हणजे कार्ल्टन यांचे थोरले बंधू, यांचा बेस ऐकताना स्वरांइतकेच त्यांच्यामधले विराम लक्षात राहतात. एक छोटे वाक्य, मग शांतता, मग त्याचे उत्तर. आणि हे चक्र गाणे संपेपर्यंत जवळपास न बदलता फिरत राहते. वादक तीक्ष्णपणा काढून टाकण्यासाठी टोनची कळ खाली आणतात आणि तार मानेच्या बाजूला छेडतात, म्हणून तो आवाज गोल आणि जाड येतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमध्ये हा पट्टा जवळजवळ येतच नाही. त्यावर रॉकचे गाणे पातळ होते, पण ओळखू येते; रेगेचे गाणे मात्र नुसते ‘चक-चक’ होऊन बसते. रेगे कंटाळवाणा वाटतो अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी विचारतो की तो कशावर ऐकला.

बेसला हे स्थान मिळाले त्यात रेगेच्या जन्मभूमीतील, जमैकातील किंग्स्टन शहराच्या अंगणांचा मोठा वाटा आहे. १९५०च्या दशकापासून तिथे ‘साउंड सिस्टिम’ चालत: कपाटाएवढे स्पीकर, घरी बांधलेले ॲम्प्लिफायर, आणि उघड्यावर नाचायला जमलेले लोक. क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड आणि ड्यूक रीड यांच्या सिस्टिम्स एकमेकींशी स्पर्धा करत, आणि पुढे दोघांनीही रेकॉर्डिंग स्टुडिओ काढले. नवे गाणे आधी या स्पीकरांवर वाजवून पाहिले जाई. मैदानात ज्याचा खर्ज अंगावर येई तेच टिके. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा ‘स्का’ वेगवान होता आणि त्यात बेस मात्रांमागून धावत असे. १९६६च्या सुमारास गती उतरून ‘रॉकस्टेडी’ आला, बेसला दोन स्वरांमध्ये श्वास घ्यायला जागा झाली, आणि १९६८पर्यंत रेगे हे नाव रूढ होऊ लागले. बेसची चाल इतकी प्रमुख झाली की तीच स्वतंत्रपणे फिरू लागली: डॉड यांच्या ‘स्टुडिओ वन’मधील ‘रिअल रॉक’ या एका वाद्यरचनेच्या बेसवर पुढे शेकडो गाणी गायली गेली.

रॉकच्या कानाला हे किती परके होते, याचा चांगला पुरावा वेलर्सच्या १९७३ च्या ‘कॅच अ फायर’ या अल्बममध्ये आहे. मूळ ध्वनिमुद्रण जमैकात झाले. मग ‘आयलंड’ कंपनीचे ख्रिस ब्लॅकवेल यांनी रॉकचा श्रोता डोळ्यांसमोर ठेवून लंडनमध्ये त्यावर आणखी वाद्ये चढवली. त्यासाठी आलेले अलाबामाचे गिटारवादक वेन पर्किन्स यांनी पुढे सांगितले आहे की ‘काँक्रीट जंगल’ ऐकताना त्यांना ‘एक’ कोठे आहे हेच सापडेना, आणि बेसकडे लक्ष देऊ नका, असा सल्ला ब्लॅकवेल यांनी दिला. आयुष्यभर बेसवरून दिशा ओळखणाऱ्या वादकाला हा सल्ला मिळावा, यात सगळे आले. २००१ मध्ये जमैकातील मूळ मिश्रणही प्रसिद्ध झाले, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येतात. पर्किन्स यांची लांबत जाणारी गिटार सुंदर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिच्यामुळे कानाला पुढे जाणारी एक ओळ मिळते आणि कान तिच्या मागे जातो. मूळ मिश्रणात अशी ओळ नाही, म्हणून कान खाली उतरतो आणि बेसच्या चक्रात फिरू लागतो.

आता एक अडचण उरते. १९७७ च्या ‘एक्झोडस’ या गाण्यात कार्ल्टन बॅरेट प्रत्येक मात्रेवर किक वाजवतात, अगदी ‘एक’वरसुद्धा, या ठेक्याला ‘स्टेपर्स’ म्हणतात. तरीही ते गाणे क्षणभरही रॉक वाटत नाही. म्हणजे रिकामी पहिली मात्रा ही रेगेची सर्वांत ठळक खूण असली, तरी ती भरली म्हणून रेगे मोडत नाही. ‘आणि’वरची गिटार आणि बोलता-बोलता थांबणारा बेस त्याला सांभाळून नेतात. या दोघांतही अधिक मोलाचा कोण, याची परीक्षा किंग टबी यांनी आपल्या मिक्सरवर घेतली होती. विद्युत उपकरणे दुरुस्त करणारा हा तंत्रज्ञ तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकी, गिटारही काढून टाकी, एखादाच स्कँक प्रतिध्वनीत सोडून देई आणि ड्रम व बेस एवढेच चालू ठेवी. त्यातून ‘डब’ हा प्रकार उभा राहिला आणि लोक त्यावर रात्रभर नाचले. रॉकच्या गाण्यातून गिटार आणि आवाज काढून पाहावेत. थोडे अपवाद वगळता मागे उरते ती केवळ साथ.