तुम्ही विचारलंत म्हणून: ओरडा अरबी, वृत्तांत इंग्रजी

«अरबी कॉमेंटेटर दीड तास ओरडत असतो, मध्येच कवितेच्या ओळी म्हणतो, देवाचा धावा करतो. त्यातून तुमचा चारशे शब्दांचा इंग्रजी मॅच रिपोर्ट निघतो कसा? हाताला लागतं तरी काय?»

सगळ्यात आधी नावं हाताला लागतात. ओरडा कानावर आदळतो खरा, पण मी कान लावून बसते ते नावांसाठी. खेळ चालू असताना अरबी समालोचक क्रियापदं फारशी वापरतच नाही. चेंडू ज्याच्या पायात, त्याचं नाव घेतो. चेंडू पुढे गेला की पुढचं नाव. नावं संथपणे येत असली तर चेंडू मधल्या फळीत फिरतोय. एकच नाव दोन-तीनदा, दरवेळी चढत्या आवाजात आलं, तर तो खेळाडू चेंडू घेऊन गोलच्या दिशेने निघालाय. शेवटचं नाव आणि लांबलचक ‘गोल’ यांच्या मध्ये काही आलं नाही, तर गोल त्याचा आणि त्याच्या आधीचं नाव बहुधा पास देणाऱ्याचं. म्हणजे ओरडा फेकून द्यायचा नसतो. आवाज कुठे चढला यावरून सामन्यात काय महत्त्वाचं घडलं ते कळतं. मात्र तिथे नेमकं काय घडलं, हे त्या आवाजावर विसंबून लिहायचं नाही.

तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलाच सामना घेऊ, म्हणजे पडताळून बघता येईल. 22 नोव्हेंबर 2022, कतारमधलं लुसैल स्टेडियम, विश्वचषकाचा गटसामना: सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. अरबी समालोचनासाठी याहून कठीण सामना मला सुचत नाही.

सौदीचे दोन्ही गोल उत्तरार्धात, पाच मिनिटांच्या अंतराने झाले. पहिला 48व्या मिनिटाला सालेह अल-शेहरीचा, दुसरा 53व्या मिनिटाला सालेम अल-दौसरीचा. सालेह आणि सालेम. सौदी खेळाडूंना समालोचक बऱ्याचदा पहिल्याच नावाने हाक मारतो. आवाज टिपेला गेला आणि मागे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी हजार प्रेक्षकांचा गलका असला की नावाचा शेवटचा वर्ण गिळला जातो. सालेहचा ‘स’ अरबीत जड, घशाकडे ओढलेला असतो, सालेमचा हलका. कान तयार असेल तर पुढच्या स्वरावरून फरक कळतो. कान तयार नसेल तर दोन्ही गोल एकाच्याच नावावर जातात. त्यातच सौदीच्या बचावफळीत यासेर अल-शाहरानी होता. शेहरीने गोल केला आणि शाहरानी सामन्याच्या शेवटी जखमी होऊन मैदानाबाहेर गेला. या दोघांची अदलाबदल झाली तर वाचकाला गोल करणारा माणूस स्ट्रेचरवर दिसतो.

यावर माझा उपाय साधा आहे. सामना सुरू होण्याआधी अधिकृत संघयादी शेजारी उघडून ठेवायची, जर्सीच्या क्रमांकासकट. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे समालोचक त्याला ज्या-ज्या नावांनी हाक मारण्याची शक्यता आहे ती लिहायची: पहिलं नाव, आडनाव आणि टोपणनावसुद्धा. दौसरीला चाहते ‘टॉर्नेडो’ म्हणतात. सौदी संघ म्हणजे ‘अल-अखदर’, हिरवा, आणि अर्जेंटिना म्हणजे ‘टँगो’वाले. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाच ठरवून टाकायचं, कारण दौसरीचंच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी छापलेलं सापडतं आणि एकाच बातमीत दोन तऱ्हा आल्या की वाचकाला ती दोन माणसं वाटतात.

नावांनंतर वेळ. इथे आपल्याला मराठीचा फायदा होतो, हे मी मनापासून सांगते. अरबीत 48 म्हणताना आठ आधी आणि चाळीस नंतर येतो, आपल्या अठ्ठेचाळीससारखाच. इंग्रजीत वाढलेले सहकारी इथे हमखास अडखळतात, आपण नाही. पण खरी गफलत वेगळीच असते. समालोचक पडद्यावरचं घड्याळ वाचतो, तिथे 47 मिनिटं आणि काही सेकंद दिसत असतात. फुटबॉलच्या नोंदीत मात्र चालू असलेलं मिनिट धरतात, म्हणून तो गोल 48व्या मिनिटाचा. त्याने सत्तेचाळीस म्हटलं म्हणून मी सत्तेचाळीस लिहीत नाही, एक मिळवते आणि मग अधिकृत नोंदीशी ताडून बघते.

दौसरीच्या गोलात आणखी एक खड्डा आहे. त्याने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू ताब्यात घेतला, बचावपटूंमधून वाट काढली आणि उजव्या पायाने वळवून दूरच्या वरच्या कोपऱ्यात घातला. गोलच्या त्या कोपऱ्याला अरबी समालोचनात ‘तिसईन’ म्हणतात, म्हणजे नव्वद. खांब आणि आडवी दांडी जिथे नव्वद अंशात मिळतात ती जागा. एखाद्या समालोचकाने हा गोल ‘फित्-तिसईन’ गेला म्हटलं आणि ऐकणाऱ्याने ते जसंच्या तसं उतरवलं, तर 53व्या मिनिटाचा गोल इंग्रजीत नव्वदाव्या मिनिटाचा होऊन बसतो आणि सामन्याची सगळी गोष्टच बदलते. नव्वदाव्या मिनिटाला जिंकणं वेगळं आणि उरलेली सदतीस मिनिटं मेस्सीच्या संघासमोर आघाडी राखून धरणं वेगळं. संशय आला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: यानंतर समालोचक किती वेळ बोलतोय? ध्वनिफितीत पुढे पाऊण तासाचा खेळ शिल्लक असेल तर ते मिनिट नव्हे, कोपरा आहे.

आता पूर्वार्ध. गोलफलकावर तो अगदी सोपा दिसतो: दहाव्या मिनिटाला, व्हीएआर पाहून दिलेल्या पेनल्टीवर मेस्सीचा गोल, बाकी काही नाही. पण समालोचन ऐकाल तर अर्जेंटिनाने चेंडू आणखी तीन वेळा जाळ्यात घातला आहे, एकदा मेस्सीने आणि दोनदा लाउतारो मार्तिनेझने. तिन्ही ऑफसाइड. समालोचक काही निर्णयाची वाट बघून बोलत नाही. चेंडू जाळ्यात गेला की त्याचा आवाज टिपेला जातो. लाउतारोच्या पहिल्या गोलावर तर जल्लोषही झाला आणि मग व्हीएआरने तो रद्द केला. मधली काही सेकंदं ध्वनिफितीत पक्का गोल आहे. त्यामुळे ‘गोल’ ऐकून मी फक्त पेन्सिलीने खूण करते. मध्यरेषेवरून खेळ पुन्हा सुरू झाल्याचं कळलं की ती खूण पक्की होते. ‘तसल्लुल’, म्हणजे ऑफसाइड, हा शब्द पुढच्या मिनिट-दोन मिनिटांत आला तर खूण ‘रद्द’च्या रकान्यात जाते.

रीप्लेचा घोळ याहून फसवा असतो. समालोचक रीप्लेचं वर्णनही चालू काळातच करतो, तितक्याच जोशात: बघा, कसा वळतोय, कसा मारतोय. नुसती ध्वनिफीत किंवा उतरवून घेतलेला मजकूर समोर असेल, तर एकाच गोलाचे दोन-तीन हल्ले होतात. ओळखण्याच्या खुणा दोन. एक, ‘शूफ’ किंवा ‘शाहिद मई’, म्हणजे ‘बघा’, ‘माझ्याबरोबर बघा’, असं थेट प्रेक्षकाला बोलणं. दुसरी जास्त भरवशाची: रीप्लेत क्रियापदं आणि विशेषणं वाढतात, कारण त्याला आता घाई नसते. मी सुरुवातीला म्हटलं ना, चालू खेळात नुसती नावं येतात. वाक्यं पूर्ण व्हायला लागली की समजायचं, मैदानावर आत्ता काही घडत नाहीये. आणि गोल कसा झाला याचा उत्तम तपशील याच पूर्ण वाक्यांत असतो. पहिल्या गोलात फिरास अल-बुरैकानचा पास, शेहरीने बचावपटू अंगावर असताना डाव्या पायाने मारलेला खालून जाणारा आडवा फटका, हे चालू खेळात तुटक ऐकू येतं आणि रीप्लेत उलगडतं.

मग भावनेचं काय करायचं? ‘ऐतिहासिक’, ‘चमत्कार’, ‘अशक्य’ असे शब्द अशा सामन्यात किती वेळा येतात याची मोजदाद कुणी करू नये. मी ते भाषांतरित करत नाही. त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी वस्तुस्थिती शोधते. इथे ती भक्कम होती. अर्जेंटिना सलग 36 सामने अपराजित होती, 2019च्या कोपा अमेरिकापासून. फिफाच्या क्रमवारीत ती तिसरी होती आणि सौदी 51वा. रिपोर्टच्या पहिल्या वाक्यात अपराजित राहण्याची ही मालिका तुटली एवढं सांगितलं, की समालोचकाच्या दहा मिनिटांच्या ओरडण्याचं सगळं वजन त्यात येतं. वस्तुस्थिती सापडली नाही तर विशेषण गाळायचं, मग समालोचक कितीही नावाजलेला असो. ‘आपला संघ’ म्हटलेलं ‘सौदी अरेबिया’ होतं, दुवा आणि काव्यपंक्ती त्याच्यापाशीच राहतात. त्या त्याच्या श्रोत्यांसाठी आहेत, आणि त्या मला मनापासून आवडतात. गोलनंतर दौसरीने मारलेली कोलांटउडी मात्र मी ठेवते, कारण ती घडलेली गोष्ट आहे आणि आनंद दाखवायला तेवढी पुरते.

समालोचकाचा आवाज खाली येतो तेव्हाही तितकंच सावध राहायला लागतं. भरपाई वेळेत गोलकीपर अल-ओवैस आणि शाहरानी यांची टक्कर झाली, गुडघा शाहरानीच्या चेहऱ्यावर बसला आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. अशा वेळी समालोचक प्रार्थना करतो आणि हळहळत काय-काय मोडलं असेल याचा अंदाज बांधतो. इंग्रजीत टक्कर आणि स्ट्रेचर एवढंच जातं. दुखापत कोणती ते संघाच्या डॉक्टरांनी सांगायचं. भरपाई वेळेलाही जपावं लागतं: अरबीतला ‘बदल अद-दाइअ’ म्हणजे वाया गेलेल्या वेळेची भरपाई, ती जादा वेळ म्हणून इंग्रजीत गेली तर गटसामन्यात तीस मिनिटांचा न झालेला खेळ वाचकाच्या माथी मारला जातो.

लिहिताना क्रम समालोचनाचा ठेवत नाही. आधी निकाल आणि तुटलेली मालिका, मग दौसरीचा विजयी गोल, मग शेहरीचा, त्यानंतर मागे जाऊन मेस्सीची पेनल्टी आणि तीन रद्द गोल, शेवटी शाहरानीची दुखापत आणि गटाची स्थिती. डेस्कवरून निरोप येतो की जागा निम्मीच आहे. तेव्हा मी आधी कोलांटउडी काढते, मग क्रमवारी, मग पासांचा तपशील. तीन रद्द गोलांना हात लावत नाही. ते काढले तर एका गोलने मागे असलेला सौदी संघ मध्यंतरात मोठ्या पराभवापासून किती थोडक्यात वाचला होता, हे फक्त गोलफलक पाहणाऱ्याला कळणारच नाही.